खोकल्याची नोटीस लावायचीय? आधी अर्धा तास लिफ्टपाशी उभे राहा

आमची बिल्डिंग पुण्याच्या उपनगरातली, १४ मजले, ५६ फ्लॅट, दोन लिफ्ट. मी दोन वर्षं सेक्रेटरी होतो. पहिल्या पावसाळ्यात निम्म्या बिल्डिंगला सर्दी-खोकला झाला तेव्हा कमिटीने मला सांगितलं, एक नोटीस काढून टाका. मी काढली. लेटरहेड, जावक क्रमांक, "सर्व सभासदांना सूचित करण्यात येते की", खाली १४ मुद्दे, सही-शिक्का. ती नोटीस सहा आठवडे बोर्डावर होती आणि माझ्या माहितीत ती दोनच जणांनी पूर्ण वाचली, एक मी आणि दुसरे चौथ्या मजल्यावरचे काका, ज्यांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका लाल पेनने दुरुस्त केल्या.

दुसऱ्या वर्षी वेगळ्या पद्धतीने केलं आणि ते बऱ्यापैकी जमलं, म्हणून ते कसं केलं ते ओळीने लिहितोय. कुणाला आपल्या सोसायटीसाठी वापरायचं असेल तर बिनधास्त घ्या.

पहिली पायरी: कागद-पेन बाजूला, आधी बघा

सकाळी साडेआठ ते नऊ मी पेपर घेऊन लॉबीत बसलो, शाळेच्या व्हॅन, ऑफिसवाले, कामाला येणाऱ्या मावशी, दूधवाला, सगळ्यांची हीच वेळ. त्या अर्ध्या तासात सात जण माझ्यासमोर खोकले किंवा शिंकले आणि त्यातल्या पाच जणांनी हात तोंडापुढे धरला, म्हणजे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय तसंच, "तोंडावर हात ठेव रे". एका आजोबांनी उजव्या तळहातात चांगला दणदणीत खोकला काढला आणि त्याच हाताच्या अंगठ्याने लिफ्टचं बटण दाबलं, मग लिफ्ट येईना म्हणून अजून तीनदा दाबलं. त्यांच्या मागून आलेल्या दुसरीतल्या पोरीने तेच बटण दाबलं आणि आत शिरताना डोळा चोळला.

म्हणजे आमच्याकडे "खोकताना तोंड झाका" हे सांगायची गरजच नव्हती, लोक झाकतातच, फक्त चुकीच्या गोष्टीने झाकतात. माझ्या पहिल्या नोटिशीतला मुद्दा क्रमांक एक नेमका हाच होता, तोंड झाका! तुमच्याकडे दुसरं काही दिसेल. कुठे वॉचमनच सगळ्यांसाठी लिफ्टचं बटण दाबतो, कुठे जिन्याच्या कोपऱ्यात थुंकण्याचा प्रॉब्लेम असतो (तिथे देवांच्या टाइल्स लावूनही लोक दोन टाइल्सच्या मधली जागा शोधतात, असो). जे दिसेल त्यातल्या दोन-तीन गोष्टींवरच नोटीस काढायची.

दुसरी पायरी: काय कशाने पसरतं ते स्वतः नीट समजून घ्या

हे कमिटीत बसून एकदा बोलून घ्या नाहीतर सगळा पैसा बटणं पुसण्यात जातो. २०२० आठवतंय ना, थर्माकोलमध्ये टूथपिक खोचून लिफ्टपाशी ठेवायचे, बटणांवर प्लास्टिक चिकटवायचे, आमच्याकडे तर दर तासाला पॅनल पुसायचं रजिस्टर होतं. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने स्पष्ट सांगितलं की वस्तूंना हात लागून कोविड होण्याची शक्यता एकूणात कमी आहे. फ्लू आणि कोविड मुख्यतः हवेतून, जवळच्या माणसाच्या खोकण्या-बोलण्यातून येतात. साध्या सर्दीचे विषाणू मात्र हातांवरूनही पसरतात, हात बटणाला, मग नाकाला-डोळ्याला, आणि जुलाब-उलट्यांवाले विषाणू तर हातांवरून फारच. तेव्हा हात धुणं हवंच आहे, पण लिफ्टपुरतं बोलायचं तर पहिला नंबर हवेचा.

आठ माणसांची लिफ्ट म्हणजे आतून साधारण सव्वाचार फूट बाय साडेतीन फूट, आपल्याकडच्या बाथरूमपेक्षा लहान. त्यात खोकणाऱ्या माणसापासून तीन फूट लांब उभं राहायलाही जागा नसते. मोठे थेंब काही सेकंदांत खाली बसतात पण बारीक कण तो माणूस उतरून गेल्यावरही हवेत तरंगत राहतात. आणि फ्लूचा माणूस ताप यायच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस तो पसरवू शकतो, म्हणजे "आजारी माणसाने लिफ्ट वापरू नये" असा नियम केला तरी पहिला दिवस निसटतोच. म्हणून कोपरात खोकायची सवय सगळ्यांना हवी, आजाऱ्यालाच नाही.

तिसरी पायरी: नोटिशीआधी सोय

माझ्या पहिल्या नोटिशीत लिहिलं होतं "वारंवार हात धुवावेत". कुठे धुवावेत? आमच्या तळमजल्यावर एकच नळ, वॉचमन केबिनच्या मागे, तिथे साबण नव्हता आणि खाली बादलीत फरशी पुसायचं फडकं भिजत पडलेलं. कामाला येणाऱ्या एका मावशी मला म्हणाल्या, "दादा, कागद लावलात, साबण कधी लावताय?" मी गप्प.

तर सोयी तीनच करा पण नीट करा.

एक, नळ आणि साबण. गेटपाशी किंवा पार्किंगमध्ये जिथे नळ आहे तिथे छोटं बेसिन आणि लिक्विड सोप. वडीचा साबणही चालतो पण उघड्यावर तो पाण्यात विरघळून लगदा होतो आणि मग त्याला कुणी हात लावत नाही. जंतुनाशक लिहिलेला महाग साबण नको, साधा पुरतो. बाटली अर्धी झाली की वरून नवीन साबण ओतत राहू नका, संपू द्या, धुवा, वाळवा, मग भरा, नाहीतर आतच जंतू वाढतात. आणि क्लबहाउसमध्ये बेसिनशेजारी खिळ्याला जो एक नॅपकिन वर्षानुवर्षं टांगलेला असतो तो आजच्या आज काढा. हात हवेत वाळले तरी चालतात, टिश्यू ठेवलेत तर झाकणाचा डबा पण ठेवा, पायाने उघडणारा.

दोन, सॅनिटायझर, पण लिफ्टच्या बाहेर. लिफ्टच्या आत बाटली अडकवली की ती गळते, फरशी निसरडी होते, आणि अल्कोहोल पेट घेतं, ते बंद केबिनमध्ये विजेच्या पॅनलजवळ कशाला? लॉबीत, लिफ्टच्या दारापासून दोन पावलांवर, पायाने दाबायचा स्टँड. लेबलवर अल्कोहोल किमान ६० टक्के हवं, ७० च्या आसपास उत्तम. "अल्कोहोल-फ्री, मुलांसाठी सुरक्षित" वगैरे असेल तर यासाठी घेऊ नका. दिवाळीत पणत्यांच्या आसपास तो स्टँड नको हेही वॉचमनला सांगून ठेवा.

इथे एक हिशेब करून घ्या, आमचा सांगतो. एका दाबात साधारण २ मिली येतं, म्हणजे ५०० मिलीच्या बाटलीत २५० दाब. ५६ फ्लॅटमधून दिवसाला १०० वेळा जरी वापरलं तरी बाटली अडीच दिवसांत संपते, महिन्याला बारा बाटल्या म्हणजे ६ लिटर. खजिनदारांनी आकडा ऐकून चष्मा काढला. मग असं ठरलं की साबणाचा नळ बारा महिने आणि सॅनिटायझर फक्त साथीच्या दिवसांत, म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि परत जानेवारी ते मार्च, कारण आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात आणि थंडीच्या शेवटी असा दोनदा वर येतो. रिकामी बाटली स्टँडवर महिनाभर लटकलेली दिसणं सगळ्यात वाईट, ती बघून लोक ओळखतात की बाकीचंही नाटकच आहे.

तीन, लिफ्टचा पंखा. याकडे कुणी बघत नाही आणि हे जवळपास फुकटात होतं. आमच्या एका लिफ्टचा पंखा चालूच नव्हता, कधीपासून कुणालाच माहीत नाही. तपासायचं कसं तर टिश्यूची एक बारीक पट्टी जाळीपाशी धरायची, पंखा चालू असेल तर ती जाळीला ओढली जाते किंवा लांब उडते (काही पंखे हवा आत ढकलतात, काही बाहेर, दोन्ही ठीक), नुसती लोंबत राहिली तर पंखा बंद आहे किंवा जाळी धुळीने भरलीय. लिफ्टच्या मेंटेनन्सवाल्याला पुढच्या भेटीत जाळी साफ करायला सांगा. काही ठिकाणी लिफ्ट थांबली की वीज वाचवायला पंखाही बंद होतो, साथीच्या दिवसांत तो थोडा जास्त वेळ चालू ठेवता येईल का तेही त्यालाच विचारा, स्वतः वायरिंगला हात घालू नका. आणि आतल्या खाचा-भोकांवर नोटीस चिकटवू नका, हसू नका, आम्ही चिकटवली होती.

चौथी पायरी: एका नोटिशीचे तीन कागद

माणूस लिफ्टमध्ये असतो एक मिनिट, तेही मोबाईल बघत. बोर्डापाशी थांबतो तेव्हा पाच मिनिटं देतो पण तिथे त्याला खोकला येत नसतो. म्हणून एकच मोठा कागद सगळीकडे लावण्यात अर्थ नाही, जिथे जे करायचंय तिथे तेवढंच लिहा.

लिफ्टच्या आतला कागद आमचा असा होता, बटणांच्या वर:

> खोकला, शिंक आली? कोपरात.
> हात तोंडापुढे गेलाच, तर बटण दुसऱ्या हाताने. साबण गेटपाशी आहे.
> खोकला जास्त आहे? मास्क लावा, नाहीतर पुढच्या लिफ्टने या. कुणी रागावणार नाही.

एवढंच. शेजारी एक साधं चित्र, हात दुमडून कोपराच्या आतल्या बाजूला तोंड नेलेला माणूस. चित्र हवंच, कारण "कोपरात" म्हटलं की निम्मे लोक कोपराचं बाहेरचं हाड तोंडाला लावायचा प्रयत्न करतात, करून बघा, पोचत नाही. मराठीखाली तेच हिंदीत, कारण डिलिव्हरीवाले आणि आमचे दोन वॉचमन मराठी वाचत नाहीत. अक्षर किती मोठं याची टेस्ट सोपी आहे, लिफ्टच्या मागच्या भिंतीला टेकून आजींना चष्म्याशिवाय वाचायला सांगा. दुसरा छोटा कागद, नुसतं चित्र, तीन फुटांवर लावा, मुलांच्या डोळ्यांच्या पातळीला. आमच्याकडे मोठ्यांना सगळ्यात जास्त मुलांनीच टोकलं. चकचकीत लॅमिनेशन केलं तर वरच्या दिव्याचा उजेड नेमका अक्षरांवर चमकतो. आणि लिफ्टचं लायसन्स, इमर्जन्सी नंबर, यांच्यावर काही चिकटवायचं नाही.

नळावरचा कागद:

> हात ओले, साबण, मग घासा: तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या मधे, अंगठे, नखं.
> निदान २० सेकंद. मनात सावकाश वीस मोजा.
> हात मळलेले असतील, किंवा घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील तर सॅनिटायझर पुरत नाही, साबणच.

शेवटची ओळ बऱ्याच जणांना नवीन होती. मळलेल्या, तेलकट हातांवर अल्कोहोल नीट काम करत नाही आणि जुलाब-उलट्यांचे काही विषाणू त्याला फारसे दाद देत नाहीत. सॅनिटायझरच्या स्टँडवर एकच ओळ: "पूर्ण तळहात भरून घ्या, वाळेपर्यंत चोळा, पुसू नका." लोक थेंबभर घेतात आणि पँटला पुसतात.

बोर्डावरची आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची नोटीस जरा मोठी चालते, पण आमची तीसुद्धा अर्ध्या पानात बसवली:

> दिनांक १ जुलै. ही नोटीस ३० सप्टेंबरपर्यंत.
> पावसाळ्यात सर्दी, खोकला, फ्लू वाढतो आणि आपल्या लिफ्टमध्ये सगळे खांद्याला खांदा लावून उभे असतात. म्हणून तीन महिन्यांसाठी:
> १. गेटपाशी साबण आणि नळ, दोन्ही लिफ्टसमोर सॅनिटायझर ठेवला आहे. संपलेला दिसला तर वॉचमनला सांगा, त्याच दिवशी भरला जाईल.
> २. खोकताना-शिंकताना रुमाल, टिश्यू किंवा कोपर. वापरलेला टिश्यू झाकणाच्या डब्यात.
> ३. ताप आणि खोकला असेल तर क्लबहाउस, जिम, बैठका काही दिवस टाळा. लिफ्ट लागलीच तर मास्क. वॉचमनकडे मास्क मिळतील.
> ४. दमा, अ‍ॅलर्जी यांचाही खोकला असतो. कुणी खोकलं म्हणून त्यांना टोकू नका, फ्लॅट नंबर ग्रुपवर टाकू नका.
> ५. हे सगळं सभासद, भाडेकरू, पाहुणे, कामाला येणारे, डिलिव्हरीवाले, सगळ्यांसाठी सारखंच.

पाचव्या मुद्द्यावर आमच्या मीटिंगमध्ये चांगला पाऊण तास गेला. दोघातिघांचं म्हणणं होतं की "बाहेरून येणाऱ्यांनी" जिना वापरावा किंवा सर्व्हिस लिफ्ट वेगळी करावी. अहो, खोकला काय आधार कार्ड बघून येतो? ऑफिसातून लोकलने, पीएमपीने आलेला सभासदही बाहेरूनच आलेला असतो. उलट मावशींना ताप असताना त्या का येतात तर खाडा धरतात म्हणून. आम्ही नोटिशीत नाही पण तोंडी प्रत्येक मजल्यावर सांगितलं की आजारपणाचे दोन-तीन दिवस कापू नका. सगळ्यांनी ऐकलं असं नाही, पण काहींनी ऐकलं.

चौथा मुद्दाही मुद्दाम घातलाय. फ्लॅट नंबर जाहीर करणं, दारावर कागद लावणं, हे २०२० मध्ये किती झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की अधिकृत यंत्रणेने कायद्याखाली तसा आदेश दिल्याशिवाय कोविड पेशंटच्या घराबाहेर पोस्टर लावायचं नाही. साध्या सर्दीला सोसायटीने तर मुळीच नाही. एक मात्र आहे, कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, वॉचमन असो की सभासद, तर त्याला बाजूला घेऊन शांतपणे सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी करायला सांगा, ती तिथे मोफत होते. टीबी बटणांवरून किंवा कपबशीवरून पसरत नाही, त्यामुळे त्याचा चहाचा कप वेगळा ठेवायची गरज नाही.

दंडाचं विचारायला लोक येतातच. कमिटीला मनाने दंड लावता येत नाही, त्याला जनरल बॉडीचा ठराव लागतो, आणि खोकल्यावर दंड लावला की लोक खोकला लपवतात. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. थुंकण्याचं वेगळं, ते जनरल बॉडीत नेलं.

पाचवी पायरी: हाउसकीपिंगवाल्यांना नीट दाखवा

बटणं दिवसातून दोनदा पुसली तरी पुष्कळ, सकाळची गर्दी संपल्यावर आणि रात्री. पद्धत मात्र दाखवावी लागते, कारण आमच्या पोराने पहिल्याच दिवशी स्प्रे थेट पॅनलवर मारला, पाणी बटणांच्या फटीतून आत गेलं आणि सातव्या मजल्याचं बटण दोन दिवस बंद, मेंटेनन्सवाल्याचं बिल वेगळं. फवारा फडक्यावर मारायचा, मग फडक्याने पुसायचं. पॅनलला ७० टक्के अल्कोहोल किंवा साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं, ब्लीच नको, स्टीलवर डाग पडतात. फरशीसाठी ब्लीच वापरत असाल तर ते टॉयलेटच्या अ‍ॅसिडसोबत एका बादलीत कधीही नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद जागेत माणूस गुदमरतो. हे त्यांना नुसतं सांगू नका, दोन वेगळ्या रंगांच्या बादल्या द्या.

सहावी पायरी: दोन आठवड्यांनी परत पेपर घेऊन बसा

मी बसलो. तीच वेळ, तीच खुर्ची. आठ जण खोकले-शिंकले, त्यातले चार कोपरात, एक ताई ओढणीत, एकाने रुमाल काढला, दोघांनी अजून तळहातातच. ओढणी, पदर हे हातापेक्षा बरंच पण मग त्याच पदराने लेकराचं नाक पुसलं जातं, ते मी तोंडाने सांगितलं, नोटिशीत काय लिहिणार. दुसरं मोजमाप म्हणजे साबण. पहिल्या आठवड्यात बाटली जवळपास भरलेलीच, मग कळलं की नळ एवढा घट्ट होता की मुलांना फिरवताच येत नव्हता. प्लंबरने दाबून चालणारा नळ बसवला आणि बाटली पाच दिवसांत संपायला लागली. आजोबांनी अजूनही सवय सोडलेली नाही, ते खोकतात उजव्या हातातच, पण आता बटण डाव्या हाताने दाबतात आणि माझ्याकडे बघून मान हलवतात.

नोटिशीवर शेवटची तारीख टाकलीय ना, त्या दिवशी ती काढा. वर्षभर पिवळी पडत गेलेल्या कागदाला भिंतीचा भाग समजून लोक बघेनासे होतात, मग जानेवारीत परत लावाल तेव्हा कागदाचा रंग बदला. लिफ्टच्या स्टीलवर डबल टेपचा चिकटा राहतो, खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवायचं आणि मऊ कपड्याने पुसायचं, ब्लेडने खरवडू नका, आमच्या डाव्या लिफ्टमध्ये तो ओरखडा अजून आहे.